‘नो रिफंड’ लिहून झालंय, आता ईमेल तरी नीट जाऊ द्या

“ताई, मी इंदूरला घरूनच माहेश्वरी साड्या इन्स्टाग्रामवर विकते. नागपूरच्या एका बाईंना ४,८५० ची साडी पाठवली. बिल २ मेचं, पार्सल ६ ला पोचलं. ९ तारखेला त्या म्हणाल्या की रंग फोटोसारखा नाही आणि पदरात जर सुटलीय, पैसे परत करा. मी चॅटवर लिहिलं, ‘ओपनिंग व्हिडिओ आहे का? नाही तर नो रिफंड. पॉलिसी वाचा.’ पॉलिसी हायलाइटमध्ये आहे, बिलावर नाही. आज २१ तारीख आणि त्या ग्राहक मंचात जायचं म्हणतायत. आता काय उत्तर देऊ?”

सगळी गोष्ट तुमच्या बिलावर अडलीय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, त्याच्या कलम २ मध्ये ४७ व्या क्रमांकावर अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. त्यात म्हटलंय की सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित प्रथा, आणि मुदत कोणती तर बिलावर लिहिलेली, बिलावर काही नसेल तर तीस दिवस. हायलाइटमध्ये लिहिलेली, असं कुठेही नाही. म्हणजे तुमची ‘तीन दिवसांत कळवा’ वगैरे जी पॉलिसी आहे ती सदोष मालाच्या बाबतीत विसरा. अहो एक ओळ बिलाच्या खाली छापायला किती खर्च येतो? दर महिन्याला राजवाड्यापासून विजयनगरपर्यंतचे दुकानदार हेच घेऊन येतात आणि प्रत्येकाची पॉलिसी बिल सोडून सगळीकडे लिहिलेली असते.

तीस दिवस कुठून मोजायचे यावर वकील वाद घालू शकतात, तुम्ही घालू नका, बिलाच्या तारखेपासूनच धरा. २ मे अधिक तीस म्हणजे १ जून. तुमच्या हातात अकरा दिवस आहेत आणि बारा दिवस त्या चॅटनंतर गप्प बसण्यात गेले, हे मला जास्त खटकतंय.

आता कायद्याचा शब्द ‘सदोष’ आहे, ‘नावडता’ नाही. त्या बाईंच्या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही एकाच नकारात दोन्ही उडवल्या. रंगाचं दोन्ही बाजूंनी बोलता येतं, मोबाईलच्या स्क्रीनवर फरक पडतो, पण तुम्ही डिस्क्रिप्शनमध्ये ‘राणी’ लिहून वांगी पाठवली असेल तर मग बोलायला फार उरत नाही. जरीचं तसं नाही. त्यांनी पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पदराच्या पट्ट्यात दोन बोटं रुंदीत आडवी जर विणलीच गेलेली नाही, मागे मोकळी लोंबतेय. बांगडीत अडकून ओढली गेली असती तर आजूबाजूचं कापड गोळा झालं असतं, चुणी पडली असती, इथे कापड सपाट आहे. फोटोवरून मी शपथेवर सांगणार नाही, पण मला तरी हा मागाचाच दोष वाटतो. व्हिडिओ नाही म्हणून तो नाहीसा होत नाही, व्हिडिओ हा फक्त पुरावा आहे, आणि असा फोटो असताना त्याची गरज कितपत पडेल सांगता येत नाही.

आणि हे समजून घ्या की त्या नागपूरलाच तक्रार करू शकतात, २०१९ च्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जायची सोय आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. नोटीस मिळाल्यावर तुम्हाला उत्तराला तीस दिवस, फार तर वर पंधरा, त्यापुढे सुप्रीम कोर्टानेही दार बंद केलंय. कायदा म्हणतो की तीन महिन्यांत निकाल लागावा, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि इंदूर-नागपूर खेटे तुम्ही घालणार, तेही ४,८५० च्या साडीसाठी.

म्हणून चॅट तशीच राहू द्या. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करू नका, स्क्रीनशॉट त्यांच्याकडे असणारच आणि पुसलेलं फार वाईट दिसतं. हायलाइटमधली पॉलिसीही आज बदलू नका. ईमेल असा पाठवा, तुमच्या भाषेत थोडं इकडेतिकडे केलंत तरी चालेल:

“नमस्कार मॅडम. ९ मे रोजी चॅटवर मी घाईत आणि तुटक उत्तर दिलं, त्याबद्दल आणि उत्तराला झालेल्या उशिराबद्दल मनापासून माफी मागते. तुमच्या २ मेच्या बिलातल्या साडीबद्दल तुम्ही दोन गोष्टी कळवल्या होत्या. पदरातली सुटलेली जर मी फोटोत पाहिली. असा दोष असेल तर साडी परत घेणं ही आमची जबाबदारी आहे आणि त्यासाठी ओपनिंग व्हिडिओची अट नाही. रंगाबद्दल सांगायचं तर फक्त रंग न आवडल्यास आम्ही साडी बदलून देतो, पैसे परत देत नाही, पण ही अट बिलावर नव्हती हे मान्य आहे. तुम्हाला सोयीचं असेल ते कळवा: साडी परत पाठवून पूर्ण ४,८५० रुपये, किंवा त्याच किमतीची दुसरी साडी, किंवा ही साडी ठेवून जर नीट करून घ्यायला ७०० रुपये परत. साडी परत करायची असल्यास कुरिअर आम्ही पाठवू, खर्च आमचा. साडी पोचल्यावर दोन दिवसांत तपासून त्याच खात्यात पैसे जमा करू. २८ मेपर्यंत कळवलंत तर बरं होईल, काही अडचण असेल तर या नंबरवर फोन करा.”

यात पूर्ण पैशांचा पर्याय पहिला ठेवलाय तो मुद्दाम. पुष्कळ जण सदोष मालावर क्रेडिट नोट पुढे करतात आणि त्यालाच पर्याय म्हणतात, पैसे मागणाऱ्या ग्राहकावर ती लादली की नकारच झाला. साडी बदलणं, सातशे रुपये हे त्यांनी राजीखुशीने घेतलं तरच. २८ तारीख उत्तरासाठी आहे, हक्क संपण्यासाठी नाही, म्हणून ‘नाहीतर विचार केला जाणार नाही’ असलं शेपूट जोडू नका. ‘आधी सांगितल्याप्रमाणे’ हेही नको, कारण विकताना तुम्ही काही सांगितलंच नव्हतं. साडी परत आल्यावर ठिकठाक निघाली तर काय, हा प्रश्न तुम्हाला पडेल, तेव्हा तुमच्याकडे उलगडतानाचा तुमचा व्हिडिओ असू द्या आणि मला परत विचारा, ते वेगळं प्रकरण होईल.

२०२० चे ई-कॉमर्स नियम तुम्हाला किती लागू, यात वादाला जागा आहे. पण तुम्ही नियमित धंदा करता, तेव्हा ते लागू आहेत असंच धरून चाला: तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण. पोच द्यायची वेळ तर कधीच गेली, महिना ९ जूनला पुरा होतो.

ईमेल आजच पाठवा, चॅटवर फक्त ‘सविस्तर ईमेल केला आहे’ एवढंच टाका. आणि पुढचं बिलबुक छापाल तेव्हा खाली ही ओळ घाला: “दोष आढळल्यास साडी मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कळवा, पूर्ण रक्कम परत. रंग न आवडल्यास सात दिवसांत बदलून मिळेल.”