नाणी हाताची, स्टार फाशाचा

प्रश्न : चवथीला घर भरतं आणि रात्री सगळे मारिओ पार्टी खेळायला बसतात. माझा पंधरा वर्षांचा मुलगा बहुतेक मिनीगेम जिंकतो, तरी कधी कधी आमची आईच पहिली येते. हा खेळ खोटा आहे, असं तो म्हणतो. खरं आहे का? (म्हापसा)

खोटा नाही. मारिओ पार्टी हा टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम : फासा टाकून बोर्डावरच्या घरांतून पुढे सरकायचं आणि प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांनी एक छोटा मिनीगेम खेळायचा. त्यात जिंकणं दोन ठिकाणी वाटून ठेवलं आहे. मिनीगेम जिंकला की साधारण १० नाणी मिळतात. ती हाताच्या चपळाईची कमाई. पण निकाल लागतो तो स्टारवर. बहुतेक भागांत एका स्टारला २० नाणी पडतात, आणि तो घ्यायला फासा टाकत त्याच्या घरापर्यंत पोचावं लागतं. कुणी तो घेतला की बहुतेक बोर्डांवर स्टार दुसरीकडे निघून जातो. कौशल्यानं खिसा भरतो. दुकानापर्यंत नेणं मात्र फाशाच्या हाती.

दहा फेऱ्यांचा एक डाव धरा. मुलानं सहा मिनीगेम जिंकले : ६० नाणी. पाच वेळा निळ्या घरात थांबला, दर वेळी ३, म्हणजे १५. एकूण ७५, तीन स्टारांचे पैसे. पण स्टारपाशी तो दोनदाच पोचला, म्हणून दोन स्टार आणि ३५ नाणी पडून. आजीनं दोनच मिनीगेम जिंकले, आठ वेळा निळं घर मिळालं : ४४ नाणी. तीही दोनदा पोचली, दोन स्टार. बरोबरी झाली की नाणी मोजतात, म्हणून मुलगा पहिला. पण फासा आणखी एकदा त्याला आडवा गेला असता तर आजी जिंकली असती. खेळ आजीला काही फुकट देत नाही. मुलाच्या जास्तीच्या कमाईचा उपयोग तेवढा मर्यादित ठेवतो. मला ही रचना फार हुशारीची वाटते.

त्याचा खरा राग बहुधा डाव संपल्यावर वाटल्या जाणाऱ्या बोनस स्टारांवर असेल. १९९८च्या पहिल्या मारिओ पार्टीत ते तीन होते : मिनीगेममधल्या कमाईसाठी, सर्वाधिक नाण्यांसाठी आणि प्रश्नचिन्हाच्या घरांत सर्वाधिक वेळा थांबण्यासाठी. पहिले दोन वरच्या हिशेबात मुलालाच जातील, म्हणजे तेव्हाचा बोनस चांगल्या खेळाडूच्या बाजूनं झुकत होता. २०१८च्या सुपर मारिओ पार्टीत मात्र दोन बोनस कशासाठी द्यायचे हेच शेवटी नशिबानं ठरतं, आणि त्यासाठी आधीपासून खेळता येत नाही. २०२४च्या जॅम्बोरीत ‘प्रो रूल्स’ निवडले तर बोनस कशाचा हे सुरुवातीलाच कळतं. तो आणि त्याचे मित्र खेळतील तेव्हा ते लावा. आजी असेल तेव्हा नको.

प्रश्न : सात वर्षांच्या भाचीला बटणं वेळेवर दाबता येत नाहीत. तिच्यासाठी मोठ्यांनी मुद्दाम हरावं का? (फोंडा)

नको. मुलांना ते लगेच कळतं आणि मग जिंकण्यातली गंमत जाते. मिनीगेमच्या आधी सरावाचा पडदा येतो, तिथं घाई करू नका. कुठलं बटण कशासाठी ते तिला स्वतः दाबून पाहू द्या. जोड्यांचे मिनीगेमही तिला सांभाळून घेतात. दोघे निळ्या घरात आणि दोघे लाल घरात थांबले की रंगाप्रमाणे जोड्या पडतात, त्यामुळे कधी तरी ती सर्वांत तरबेज खेळाडूच्या बाजूला येते. तरीही ती फार मागे राहत असेल तर ‘मारिओ पार्टी सुपरस्टार्स’ या भागात सुरुवातीलाच एखादा स्टार देता येतो. एकच द्या, सगळ्यांसमोर सांगून द्या. त्या एका स्टारची किंमत दोन मिनीगेम आणि फाशाचा एक प्रवास एवढी असते. दोन दिले तर दहा फेऱ्यांत ते भरून काढणं मोठ्यांना जड जाईल.

प्रश्न : दहा फेऱ्या खेळाव्या की वीस? (मडगाव)

वयं मिश्र असतील तर दहा. फेऱ्या वाढल्या की फाशाचं बरंवाईट एकमेकांत मिटत जातं आणि तरबेज खेळाडू वर येतो. शिवाय लहान मुलं तेवढा वेळ बसत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे कन्सोल नाही. हाउजीत तरुणांना कंटाळा येतो, कॅरममध्ये लहानांना. मधलं काही? (डिचोली)

हाउजी म्हणजे निव्वळ नशीब, कॅरम म्हणजे जवळजवळ निव्वळ हात. मधलं घरीच करता येतं. पुठ्ठ्यावर तीस घरांची गोल वाट काढा, नाण्यांना चिंचोके घ्या, एका घरावर स्टार ठेवा आणि तो विकला गेला की पुढचं घर चिठ्ठी काढून ठरवा. सगळ्यांचा एकेक फासा टाकून झाला की एक छोटी स्पर्धा लावा, जिंकणाऱ्याला १० चिंचोके. स्पर्धा आलटून पालटून ठेवा : एकदा बाटलीची झाकणं वाडग्यात टाकणं, एकदा ताटातल्या वस्तू पाहून आठवणं, एकदा मुठीत किती चिंचोके ते ओळखणं. पहिल्यात तरुण पुढे असतील, दुसऱ्यात लहान मुलंही टक्कर देतात, तिसऱ्यात कुणीही जिंकतं.

पहिला डाव झाल्यावर दोन गोष्टी पाहा. निम्म्या वाटेतच जिंकणारा कोण हे सगळ्यांना कळलं असेल तर ओळखण्याच्या स्पर्धा वाढवा. आणि स्पर्धा चालू असताना लोक गप्पा मारत बसले तर चिंचोक्यांना किंमत उरलेली नाही. स्टार २० ऐवजी ३०ला विका, म्हणजे त्यासाठी दोनऐवजी तीन स्पर्धा जिंकाव्या लागतील.