दुपारी ज्वारीचं पान काय करतं आणि सोयाबीनचं काय?

प्रश्न : सर, मी गंगाखेड तालुक्यातून बारावी सायन्स करतोय. पावसाची उघडीप पडली की दुपारी सोयाबीन माना टाकतं, शेजारची ज्वारी ताठ असते. अन्न बनवायची रीत एकच, मग असं का? हेच शिकायचं तर बॉटनी घेऊ की कृषी?

उत्तर : ज्वारीच्या ताठपणात तिच्या मुळांचा आणि पानावरच्या मेणचट थराचा वाटा आहे. पण अन्न बनवण्याची रीतही दोघांची पूर्ण सारखी नाही.

उजेडाच्या शक्तीने पान पाणी फोडतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. त्यातून मिळालेली ऊर्जा वापरून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर होते. या कामाला पाणी अगदी थोडं लागतं. मुळांनी ओढलेलं बहुतेक पाणी पर्णरंध्रांतून वाफ होऊन उडून जातं. म्हणून ओल कमी पडली की सोयाबीन पर्णरंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते. तो हवेत मुळातच ०.०४ टक्क्यांच्या आसपास, तर ऑक्सिजन २१ टक्के. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर अशा वेळी ऑक्सिजनच जास्त पकडू लागतं, आणि उन्हाच्या तापाने ही चूक वाढते. ती निस्तरताना आधी बांधलेला काही कार्बन पुन्हा हवेत जातो. भर उन्हात सोयाबीनची कमाई घटते ती यामुळे.

ज्वारीत रुबिस्को शिरांभोवतीच्या पेशींच्या कड्यात असतं. बाहेरच्या पेशींतलं दुसरं विकर, जे ऑक्सिजनला फसत नाही, कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधतं. ते आम्ल कड्यात जाऊन फुटतं आणि रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटतो. त्यामुळे पर्णरंध्रं थोडीच उघडी असली तरी भागतं. उसातला हा मार्ग हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उलगडला. मात्र या उपशाला जादा ऊर्जा लागते, म्हणून थंड हवेत गहू-हरभऱ्यापुढे त्याचा फायदा उरत नाही.

तुझा प्रश्न पिकाचा आहे, तेव्हा माझं मत कृषीकडे. सीईटी देऊन चार वर्षांची बीएस्सी कृषी कर. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुला जवळच आहे. पुढे एमएस्सीला वनस्पती शरीरक्रियाशास्त्र घे. त्यात रसायनशास्त्र सतत लागतं, आत्ताच पक्कं कर.

तोवर कॉलेजच्या लॅबमध्ये एवढं करून बघ. लख्ख उन्हाच्या दिवशी चारनंतर दोन्हींची पानं तोड. सकाळी तोडलीस तर रात्रीत पिष्ट वापरलं गेलेलं असतं. पानं मिनिटभर पाण्यात उकळ. मग स्पिरिटमध्ये घालून ते भांडं गरम पाण्यात ठेव, थेट आचेवर कधीच नको, स्पिरिट पेट घेतं. पान पांढुरकं होईपर्यंत थांब, हिरवेपणा राहिला तर रंग ओळखता येत नाही. धुऊन पातळ आयोडीन टाक आणि सूक्ष्मदर्शकाखाली धर. सोयाबीनमध्ये निळा-काळा रंग सगळीकडे पसरलेला दिसेल, ज्वारीत तो शिरांच्या कडेने रेघांसारखा उमटलेला असेल.