मंदीत लिपस्टिक का खपते?

प्रश्न: पैशाची चणचण असताना लोक लिपस्टिकसारख्या वस्तू उलट जास्त का घेतात?

मोठी खरेदी पुढे ढकलली तरी हौस मरत नाही, ती स्वस्तात भागवली जाते. समजा, अमेरिकेतल्या एका बाईला ३०० डॉलरचा कोट घ्यायचा होता. नोकरीचा भरवसा नाही म्हणून तो राहिला. मग दुकानात हाताच्या पाठीवर दोन-तीन शेड लावून बघितल्या आणि २० डॉलरची लिपस्टिक घेतली. लिपस्टिकची विक्री वाढली, पण तिचे २८० डॉलर वाचलेच. याला उधळेपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

२००१ च्या मंदीत एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या लिओनार्ड लॉडर यांनी लिपस्टिकचा खप वाढल्याचं सांगितलं आणि ही कल्पना गाजली. पण खपावरून मंदी ओळखायला जाल तर फसाल. २००८ नंतरच्या मंदीत नेलपॉलिशचा बोलबाला झाला. २०२० मध्ये तर तोंडावर मास्क आले आणि लिपस्टिक घसरली. म्हणून एकाच वस्तूवर नजर ठेवू नका. कोट, फर्निचर, गाड्या अडून राहिल्यात आणि छोट्या चैनी मात्र खपतायत का, ते बघा.