बँडविड्थ आठपट का आली?

प्रश्न: सिरीज आरएलसीचं प्रॅक्टिकल केलं. १० मिलिहेन्रीची कॉइल, ०.१ मायक्रोफॅरड, १० ओहम. Q ३१.६ आणि बँडविड्थ १५९ हर्ट्झ यायला हवी, पण रेझिस्टरवर मोजली तर जवळजवळ १२७० हर्ट्झ आली. रेझोनन्स मात्र बरोबर ५.०३ किलोहर्ट्झलाच. कुठे चुकलं?

उत्तर: मोजमाप बरोबर आहे रे, तू R चुकीचा धरलायस. करंट ज्या-ज्या रेझिस्टन्समधून जातो तो सगळा R मध्ये येतो, म्हणजे तुझे १० ओहम, कॉइलच्या तारेचे समजा २०, आणि फंक्शन जनरेटरचे आतले ५० (बहुतेकांवर आउटपुटच्या सॉकेटपाशीच लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही). झाले ८०. म्हणून आठपट.

रेझोनन्स का हलला नाही, तर तिथे कॉइल आणि कपॅसिटरचा रिअॅक्टन्स, दोन्ही ३१६ ओहम, एकमेकांना खाऊन टाकतात आणि f0 = 1/(2π√(LC)) मध्ये R येतच नाही. बँडविड्थचं तसं नाही. रेझोनन्सपासून सरकलास की उरलेला रिअॅक्टन्स दर हर्ट्झला साधारण 4πL ने वाढतो, तुझ्या कॉइलला ०.१२६ ओहम, आणि तो R एवढा झाला की करंट ७०.७ टक्क्यांवर येतो. R १० असता तर ८० हर्ट्झ सरकूनच तिथे पोचला असतास, ८० असल्यामुळे दोन्हीकडे साधारण ६३६ हर्ट्झ जावं लागतं. दोन्ही बाजू मिळून R/(2πL), आणि Q म्हणजे f0 भागिले हीच रुंदी, म्हणून तुझा खरा Q चारच्या जरा खाली. एवढ्या कमी Q ला कर्व्हही थोडा तिरका दिसतो, तुझे पॉइंट ४.४४ आणि ५.७१ च्या आसपास असतील बघ, ५.०३ बरोबर मध्ये येत नाही.

खात्री करायचीय? स्कोपचा दुसरा चॅनल थेट जनरेटरच्या टर्मिनलवर लाव. लांबच्या फ्रिक्वेन्सीला १ व्होल्ट दिसत असेल तर रेझोनन्सला तो ०.३७५ पर्यंत बसेल, आणि त्याच वेळी रेझिस्टरवर ०.१२५ दिसेल. म्हणजे बाहेरचा एकूण रेझिस्टन्स १० च्या तिप्पट, ३० ओहम, त्यातले २० कॉइलचे. मल्टिमीटरवर कॉइल याहून थोडी कमी दाखवेल कारण कोअरचा लॉस डीसीला दिसत नाही, तेव्हा हिशोबात हाच आकडा धर.

आता दर रीडिंगला नॉब फिरवून टर्मिनल व्होल्टेज एकसारखं ठेवलंस तर जनरेटरचे ५० ओहम हिशोबातून जातात आणि बँडविड्थ ४७७ वर येते. १५९ मात्र या कॉइलने कधीच येणार नाही, तिचे २० ओहम कुठे जात नाहीत. जर्नलमध्ये १५९ लिहून मोकळं होऊ नकोस, आम्ही केलं होतं आणि तोंडीला नेमकं तेच विचारलं.