बेसमध्ये किक ड्रमला वाट करून देताना

कम्प्रेसर बेसच्या ट्रॅकवर लावावा, पण त्याच्या साइडचेन इनपुटला किक जोडावी; मग तो ऐकतो किक आणि दाबतो बेस. म्हणूनच थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीपुढे कम्प्रेसर दाबू लागतो ती, बेसच्या नव्हे, तर किकच्या पातळीवरून ठरवावा लागतो, आणि नवशिक्यांची गफलत बहुधा इथेच होते. किक −6 डीबीपर्यंत जात असेल, थ्रेशोल्ड −18 आणि रेशो 4:1 असेल, तर वरच्या 12 डीबीपैकी 3 उरतात, म्हणजे बेस मुळात कितीही हळू वाजत असला तरी तो सुमारे 9 डीबीने खाली जातो. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, मात्र कानांनी ठरवावा: 120 बीपीएमला दोन ठोक्यांमध्ये 500 मिलिसेकंद असतात, तेव्हा मी 150च्या आसपास सुरुवात करतो. पुढच्या किकपूर्वी गेन रिडक्शनचा काटा शून्यावर परतत नसेल, तर रिलीज लांबला आहे आणि बेस सतत दबलेलाच राहतो आहे.