उपार्जित सूट की अदत्त सूट?

‘कंपनीनं अॅक्रूड रिबेट कमी धरलाय असं ऑडिटरनं लिहिलंय. मी मराठी टिपणात “उपार्जित सूट” लिहिलं, साहेब म्हणतात “अदत्त” लिही. बरोबर काय?’

साहेबांचं बरोबर. उपार्जित म्हणजे कमावलेलं, आणि सूट कमावतो डीलर. त्याच्या वहीत ती उपार्जित. कंपनीनं ती अजून दिलेली नाही, म्हणून कंपनीच्या वहीत अदत्त. तरीही तुमचा शब्द मला आवडला, कारण ऑडिटरचा सगळा मुद्दा त्याच्यात आहे: डीलरनं ती कमावली कधी?

आमच्याकडे कोल्हापुरात पशुखाद्याचं उदाहरण घ्या. योजना जानेवारी ते डिसेंबरची. वर्षात 2,000 पोती उचलली तर सगळ्या पोत्यांवर पोत्यामागं 25 रुपये, क्रेडिट नोट पुढच्या जानेवारीत. गडहिंग्लजच्या डीलरनं मार्चअखेर 600 पोती नेली. हिशेबनीस म्हणतो, ‘टप्पा कुठं गाठलाय? शून्य.’ पण हा डीलर दरवर्षी 2,400 च्या आसपास नेतो. म्हणजे टप्पा गाठणार हे जवळपास ठरलेलं, आणि त्या 600 पोत्यांवरचे 15,000 रुपये मार्चला संपणाऱ्या हिशेबी वर्षाच्या विक्रीतून वजा व्हायला हवेत. इंड-एएस 115 हे महसुलाचं लेखामानक लागू असेल तर विक्रीची रक्कम असाच अंदाज करून धरावी लागते. नव्या डीलरला मागचा इतिहास नसतो. तिथं अंदाज कच्चा, म्हणून त्याचा आधार लिहून ठेवायचा.

आता ऑडिटरला हे सापडतं कसं? खात्यात जे आहे ते तपासून राहिलेलं कधीच दिसत नाही. एप्रिलपासूनच्या क्रेडिट नोटा काढून त्यांवरची तारीख नव्हे, त्या कुठल्या काळातल्या मालाच्या आहेत ते बघतात. पण वरची नोट तर पुढच्या जानेवारीत निघणार, तोवर ऑडिट उरकलेलं असतं. म्हणून सुरुवात वहीबाहेरून करतात: योजनेची परिपत्रकं, डीलरवार पोत्यांचा आकडा, आणि विक्री प्रतिनिधीनं व्हॉट्सअॅपवर दिलेला ‘मार्चमध्ये उचला, पोत्यामागं 5 जादा देतो’ असा शब्द. हा शब्द हिशेब खात्यापर्यंत पोचत नाही, खरी गळती इथंच. त्यामुळं डीलरकडं खातेबाकीची खातरजमा मागताना ‘कबूल झालेली पण न मिळालेली सूट’ हाही रकाना घालावा.

जाता जाता, ही रक्कम ‘कसर-वटाव’ खात्यात ढकलू नका. लक्ष्मीपुरीतल्या जुन्या पेढ्यांवर ते खातं पैसे लवकर चुकते केल्याबद्दल सोडलेल्या रकमेचं असतं. पोती किती उचलली याच्याशी त्याचा संबंध नाही.

टिपणात मी असं लिहीन: ‘31 मार्चअखेर डीलरांना अदत्त खरेदी-सूट (अंदाजित)’. ताळेबंदात हवं तर ‘तरतूद’ म्हणा, अंदाजाच्या रकमेला तो शब्द रुळलेला आहे.