अँजिओग्राफीचा रिपोर्ट आटोपशीर कसा लिहावा?

प्रश्न: अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीचा दोन पानी रिपोर्ट धमनीवार थोडक्यात कसा मांडायचा आणि पेशंटला घरी जाताना कळेल असा कागद कसा लिहायचा?

आधी प्रत्येक धमनीला एकच ओळ द्या आणि त्या ओळीत आधीची स्थिती, काय केलं आणि आताची स्थिती एकत्र ठेवा. मूळ रिपोर्टमध्ये ‘८०%’ पहिल्या पानावर असतं आणि स्टेंट दुसऱ्यावर. गावचा डॉक्टर पहिलंच पान बघतो आणि ब्लॉक तसाच आहे समजतो.

समजा, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला साठीचा बागायतदार, अनस्टेबल अँजायनाचा पेशंट. त्याचं मी असं लिहीन:

लेफ्ट मेन: निर्दोष.
एलएडी: मध्यभागी ८०%, ३.० × २४ मिमी औषधी स्टेंट; आता अडथळा नाही, प्रवाह टिमी ३.
सरकमफ्लेक्स: ओएम१ मध्ये ४०%, औषधोपचार.
आरसीए: डॉमिनंट, किरकोळ अनियमितता.

निर्दोष धमनीही लिहायचीच. गाळली तर ती पाहिली की नाही हे कळत नाही. स्टेंटचं माप त्याच्या स्टिकरवरून पडताळा. साच्यातला मजकूर तसाच राहिला तर एकाच रिपोर्टात आरसीए आणि सरकमफ्लेक्स दोन्ही डॉमिनंट दिसतात. अशा वेळी पीडीए कुठून निघते ते चित्रफितीत बघून ऑपरेटरकडून दुरुस्त करून घ्या, स्वतः अंदाज करू नका.

पेशंटच्या कागदावर मात्र टक्के नकोत. ‘४०%’ वाचून घरचे दुसऱ्या स्टेंटसाठी पैसे जमवायला लागतात. तिथे एवढंच पुरे: ‘पुढच्या मोठ्या नळीतला अडथळा काढून स्टेंट बसवला आहे. दुसऱ्या एका नळीत थोडी चरबी आहे, तिच्यासाठी स्टेंट नको, रोजची गोळी पुरते.’

सगळ्यांत मोठ्या अक्षरांत रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या लिहा: ॲस्पिरिन ७५ रोज एकदा, टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ. अशा पेशंटला दोन्ही साधारण वर्षभर लागतात. नेमकी मुदत कार्डिओलॉजिस्टला विचारून तारखेनिशी लिहा. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखं वाटतं आणि ते परस्पर गोळी सोडतात, म्हणून हे स्पष्ट लिहा: ‘दम वाटला तर कळवा, गोळी बंद करू नका.’

मग हात. मनगटातून केलं असेल तर काही दिवस त्या हाताने कळशी, नारळाचं पोतं, कोयता नको. रक्त आलं तर बसून बोटाने घट्ट दाबून धरा. थांबलं नाही, बोटं गार किंवा बधिर पडली, तर लगेच हॉस्पिटल. छातीत दुखलं तर बसून जिभेखालची गोळी, पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८.

आपल्याकडे बरेच पेशंट मराठी वाचतात पण बोलतात कोंकणी, म्हणून कागद देताना कोंकणीतून समजावा आणि उलट विचारा: ‘दात काडपाचो जालो जाल्यार ही गुळी बंद करपाची काय ना, कोणाक विचारतले?’ उत्तर ‘दांतांच्या दोतोराक’ आलं, तर घरच्यांना बसवून तो भाग पुन्हा सांगा आणि कार्डिओलॉजी ओपीडीचा नंबर कागदावर लिहून द्या.